गेंड्याचे पाच चाराणे

आमची ही जाऊन आठ महिने झाले, तेव्हा मी तिच्या नाण्यांचा डबा उघडला. पोळ्या ठेवायचा स्टीलचा डबा. त्यात वर्तमानपत्राच्या कागदाच्या पुड्या, प्रत्येक पुडीला पांढरा दोरा. गिरणीत पिठाची पोती शिवायचा दोरा होता तो.

आमची पिठाची गिरणी होती. मी जात्यावर, ती काट्यावर आणि गल्ल्यावर. गिऱ्हाईक चिल्लर द्यायचं. त्यातलं एखादं नाणं ती उचलून उजेडात धरायची आणि कनवटीला लावायची. ती शाळेत गेली नव्हती. अक्षर कळत नव्हतं, चित्र कळायचं. चौकोनी पाच पैसे, फुलासारख्या कडेचे दहा पैसे, कमळाचे पितळी वीस पैसे, गेंड्याचे पंचवीस पैसे म्हणजे चाराणे, भारताच्या नकाशाचे दोन रुपये, अंगठ्याचा रुपया. मी चवथी शिकलेला. मला तो सगळा पोरखेळ वाटायचा.

आता गिरणी विकली, जुळे सोलापुरात पोराच्या फ्लॅटमध्ये राहतो. पोरानं नाणी लावायचा अल्बम आणून दिला, पारदर्शक कप्प्यांचा. कप्पे कमी, नाणी जास्त.

पोरगा म्हणाला, "दादा, डबल डबल काढून टाका. एकेक ठेवा. बाकीची नाणी तुमची सूनबाई देवळाच्या पेटीत टाकून येईल."

मला पटलं. खरं सांगायचं तर मीच काढायला बसलो होतो.

काढण्याआधी एक फोटो घ्यावा वाटलं. सूनबाईची पांढरी चादर गॅलरीत अंथरली, नाणी रांगेत मांडली. आणि तिथं मी एक गाढवपणा केला. नाणी काळपट दिसत होती म्हणून कमळाचे वीस पैसे चिंच लावून राखेनं घासले, देवाची समई घासतात तसे. कमळ लई चमकलं. मग फोटो काढला आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आमच्या मंडळींनी गिरणीत बसून जमवलेली नाणी."

मला वाटलं, लोक तिचं नाव काढतील. दोन शब्द बोलतील.

पहिला निरोप आला, "काका, किती येतील याचे?" दुसरा, "मधलं सोन्याचं हाय का?" ते माझं घासलेलं कमळ. तिसऱ्या मजल्यावरच्यानं एक व्हिडिओ पाठवला, ट्रॅक्टरवाली पाचची नोट विका आणि लाखो मिळवा. कुणी अंगठे पाठवले, कुणी हात जोडले. हात कशाला जोडता? आठ महिन्यांमागं ती गेली, तेव्हा जोडले होते की.

जिन्यात त्या तिसऱ्या मजल्यावरच्यानं गाठलं मला. "काका, फोन लावा त्या व्हिडिओतल्या नंबरला. आधी थोडी फी भरायची असती, मग माणूस घरी येऊन नाणी घेऊन जातो."

मी म्हणालो, "माझं नाणं घ्यायला मीच पैसे भरू व्हय? तुमी भरा की. तुमच्याकडं ट्रॅक्टर हाय ना?"

"ट्रॅक्टर न्हाय काका, नोट."

"मग नोट घेऊन जावा तिकडं."

घरी येऊन फोन पालथा ठेवला. दिवसभर टुणटुण चालू. संध्याकाळी सूनबाई म्हणाली, "दादा, खालच्या बाईंचा मेसेज बघा, तुम्हाला वेगळा आलाय." तळमजल्यावर राहतात त्या, उर्दू शाळेत शिकवायच्या, आता रिटायर झाल्यात. मी म्हणालो, "त्याबी किंमतच विचारत असतील." तिनं वाचून दाखवलं.

"काका, काकूंची नाणी फार आवडली. तिसऱ्या रांगेत गेंड्याचे पाच चाराणे आहेत. पाच का ठेवले असतील? वर्षाच्या आकड्याखाली बारीक खूण आहे का, बघाल? ठिपका, चांदणी किंवा पत्त्यातल्या चौकटसारखी. फोटोत दिसत नाही. आणि एक विनंती, बाकीची घासू नका. काळी आहेत तशीच छान आहेत. धरताना फक्त कडेला धरा."

मला राग आला. पहिला राग घासू नका म्हणाल्या त्याचा, कारण घासून झालं होतं. दुसरा असा की ते पाच चाराणे मी आधीच बाजूला काढले होते. एक ठेवायचा, चार पेटीत. पाचीवर वर्ष एकच, गेंडा एकच. डबल म्हणजे अजून काय असतं?

तरी सुईत दोरा ओवायचं भिंग काढलं. ट्यूबलाइटखाली बसलो. पहिल्यावर आकड्याखाली ठिपका. दुसऱ्यावर चांदणी, मोहरीएवढीबी न्हाय. तिसऱ्यावर चौकट. चौथ्यावर काहीच न्हाय. परत परत पुसून बघितलं, काहीच न्हाय.

पाचवा बघायचा तसाच ठेवला आणि पायऱ्या उतरून खाली गेलो. बाईंनी दार उघडलं.

"ठिपका हाय," मी म्हणालो. "चांदणी हाय, चौकट हाय. आणि एक कोरा."

त्या एकदम हसल्या. "चारही! काका, नाणं ज्या टांकसाळीत पडतं तिची ती खूण असते. ठिपका नोएडाचा, चांदणी हैदराबादची, चौकट मुंबईची. कोलकात्याचं असेल तर खूण नसते. काकूंना हे कुणी सांगितलं होतं?"

"कोण सांगणार? तिला वाचता येत नव्हतं."

"मग त्यांनी नुसतं बघून ओळखलं." बाई म्हणाल्या, "आकडा वाचता येतो म्हणून आपण आकडाच बघतो. त्यांनी सगळंच बघितलं."

मी दारातच उभा. सवयीनं तोंडातून गेलं, "मग ह्याला काय मोल असंल?"

"ते मला कळत नाही काका, आणि मी त्यासाठी विचारलंही नाही. चित्राकडं बघून चारांत फरक कसा केला असेल, ते मला कळायला पाहिजे होतं. भिंग होतं का त्यांच्याकडं?"

भिंग नव्हतं. उजेडात धरायची एवढंच. एकदा म्हणाली होती, "हे बघा, ह्याला खाली टिकली हाय." मी म्हणालो होतो, "टिकली बघू नगं, काटा बघ. गिऱ्हाईक खोळंबलंय."

हे बाईंना सांगितलं न्हाय.

वर आलो. पोरगा विचारतो, "मग पाचवा?"

भिंग लावलं. पाचव्यावर ठिपका. म्हणजे पहिल्यासारखाच.

"बघा, एक तर डबल निघालाच की," तो म्हणाला.

"निघू दे."

"मग काढू?"

"हात लावू नगंस."

का ठेवला असंल तिनं तो? विसरून? का त्या ठिपक्यात अजून काही वेगळं दिसलं तिला, जे मला दिसत न्हाय? भिंग लावून डोळा दुखेपर्यंत बघितलं. काही न्हाय. एवढं बारीक बघत होतीस तर माझं डोकं धरून दाखवायचं होतंस की. एकदा म्हणालीस आणि सोडून दिलंस. भांडायची सवय होती तुला, ह्याच्यावर भांडली न्हाईस.

अल्बम पोराला परत दिला. पुड्या होत्या तशा बांधल्या, त्याच दोऱ्यानं. घासलेलं कमळ वेगळ्या कागदात बांधलं, ते माझं काम, तिच्या नाण्यांत मिसळायचं न्हाय.

ग्रुपवर तोवर अजून एकजण विचारत होता, "काका, मग ठरलं का काही?"

त्याला उत्तर दिलं न्हाय. बाईंना एका बोटानं लिहिलं, अर्धा तास लागला. "पाचवापन ठिपकावाला. दोन का ते माहीत न्हाय. दहा पैशाच्या पुडीत अकरा हायत. उद्या सकाळी उजेड असताना वर या, गॅलरीत बसून बघू. भिंग एकच हाय, तुमचं असंल तर आना."