संपतची वही आणि हरवलेला ‘ई’

१४ ऑक्टोबर २००३, मंगळवार. त्या दिवशी महाळुंगे पडवळच्या आमच्या दूध संस्थेच्या बँक खात्यात दिवाळीला वाटायच्या दूधदराच्या फरकासाठी ४,१८,६३७ रुपये ५० पैसे जमा होते. सभासद तीनशे शहाऐंशी. कोणाला किती द्यायचे, हे वर्षभराच्या लिटरवर ठरणार होते, आणि ते लिटर फक्त कॉम्प्युटरमध्ये होते. दोन वर्षांपूर्वी मीच ठराव लिहून कागदी खतावण्या बंद केल्या होत्या. मी संस्थेचा सचिव.

स्लिपा छापायला घेतल्या आणि एकतिसाव्या स्लिपेला प्रिंटर थांबला. पडद्यावर सूचना आली, सी ड्राइव्हवर जागा नाही. नको त्या फायली मी आधीच काढल्या होत्या. मंचरला फोन करून संपतला बोलावले.

संपत मूळचा डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या वाडीतला. घरी भात आणि नाचणी. दहावीनंतर तो मंचरला एका गाळ्यात विहिरीच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायला शिकला, नऊ वर्षे तेच केले, मग सहा महिन्यांचा कोर्स करून कॉम्प्युटर दुरुस्तीत आला. मोटारीच्या कामाची एक सवय त्याने सोडली नव्हती. जळालेल्या मोटारीची तार सोडवण्याआधी वेढे मोजायचे, तार कुठून कुठे गेली त्याचे चित्र काढायचे, मगच पक्कड लावायची. त्यासाठी खाकी पुठ्ठ्याची एक वही तो सतत पिशवीत बाळगी.

आमच्या खुर्चीवर बसून त्याने तीच वही काढली. एक लांब आडवा पट्टा आखला आणि त्याचे तीन डबे केले. सी, दोन जीबी, गच्च. डी, चार जीबी, जवळजवळ रिकामा. ई, ४.१ जीबी, त्यात दुधाचा सगळा हिशोब. प्रत्येक डब्याखाली त्याचे लेबल लिहिले. ईचे लेबल होते ‘दूध’, इंग्रजी अक्षरांत.

“भाऊसाहेब, मधला डी काढून टाकायचा आणि त्याची जागा सीला जोडायची,” तो म्हणाला. “ईला हात लावायचा न्हाई.”

“मग डीची जागा ईला का नको? हिशोब तर तिकडेच वाढतो.”

“ईला द्यायची तर ईचं तोंड पुढं सरकवावं लागंल. म्हंजी आतलं सगळं उचलून मागनं पुढं न्यायचं. मधीच लाइट गेली की संपलं. सी फक्त मागल्या अंगानं वाढतंय. त्यात ईचं काय हालत न्हाई.”

डीवर तीन जुने ताळेबंद आणि अध्यक्षांच्या नातवाचे गेम होते. ताळेबंद ईवर नेले, उघडून पाहिले. गेमही नेले, कारण अध्यक्ष रखमाजी दारातच उभे होते. मग संपतने दुधाचा हिशोब झिप करून त्याचे तुकडे एकोणीस फ्लॉपींवर उतरवले आणि प्रत्येक फ्लॉपी परत वाचून बघितली. चौदावी वाचेना. आमच्याकडे कोरी उरली नव्हती. त्याने पिशवीतून स्वतःची काढली आणि चौदावा तुकडा पुन्हा उतरवला.

“आता जनरेटर चालू करा,” तो म्हणाला.

दूध थंड करायच्या टाकीसाठी संस्थेचा जनरेटर होता. रखमाजी म्हणाले, “लाइट हाये की! लाइट असताना डिझेल जाळायचं व्हय? लई शाना हायेस.”

“बाबा, यूपीएस धा मिनटाचा. काम इस-पंचवीस मिनटाचं. भारनियमनवाले मला इचारून बटण दाबत न्हाईत.”

जनरेटर सुरू झाला. संपतने डिस्कचे डबे, म्हणजे पार्टिशन, पाडणाऱ्या प्रोग्रामची फ्लॉपी घालून मशिन चालू केले. डी पुसला. तरी सी वाढवायचा पर्याय येईना. “आता हो?” मी विचारले.

“घाबरू नगा. डी आन् ई एकाच कुंपनात हायेत. डी गेला तरी मोकळी जागा कुंपनाच्या आतच ऱ्हाती. सी भायेर. आधी कुंपन मागं घेतो.”

त्याने ते कुंपण, म्हणजे डी-ईभोवतीचे मोठे पार्टिशन, पुढच्या बाजूने आखूड केले. मोकळी जागा बाहेर आली, सीला लागून. मग सी वाढवायला लावला. पट्टी सरकू लागली. तेवीस मिनिटे आम्ही तिघे त्या पट्टीकडे पाहत होतो. पलीकडे जनरेटर धडधडत होता. संपतने चहाला हात लावला नाही. शेवटी सी सहा जीबी झाला.

फ्लॉपी काढून मशिन पुन्हा चालू केले. विंडोज नीट आले. मी दुधाचा प्रोग्राम उघडला आणि काळ्या पडद्यावर ओळ आली: ई ड्राइव्ह वाचता येत नाही. पुन्हा प्रयत्न केला. तीच ओळ.

तेवढ्यात झुंबरबाई आत आल्या. दोन म्हशींच्या दुधावर त्यांचे घर चाले. “भाऊसाहेब, माझा फरक निघाला का?”

“थांबा जरा, कॉम्प्युटर दुरुस्त होतोय.”

“वर्साचं दूध पिलं का काय त्यानं?”

रखमाजी संपतला म्हणाले, “आरं, ई न्हाई दिसत तर दुसऱ्यांदा टाक की सगळं त्या फ्लाप्यांवरनं. ई नवा कर, फॉरमॅट का काय म्हन्तात ते.”

सीनंतर जो डबा दिसत होता त्यावर फॉरमॅटची खिडकी मीच उघडली, हे इथे लिहून ठेवतो. माझ्या हातात माउस होता. एखादी फ्लॉपी पुन्हा वाचलीच नाही तर, या विचाराने डोळ्यांपुढे तीनशे शहाऐंशी घरांत जाऊन रोजचे लिटर लिहिलेली दुधाची कार्डे गोळा करणारा मी दिसत होतो, आणि ज्यांची कार्डे फाटली त्यांना मी काय सांगणार?

संपतने माझे मनगट धरले. “भाऊसाहेब, हात काढा.”

त्याने ती खिडकी बंद केली, वही उघडली आणि पट्ट्यावर बोट ठेवले. “अक्षर बघू नगा. माप बघा.” माय कॉम्प्युटरमध्ये आता सी आणि डी एवढेच डबे होते, आणि ई म्हणून सीडीचे चित्र. त्याने डीवर क्लिक केले. ४.१ जीबी. लेबल, दूध.

त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारला. “माझीच चूक. विंडोज अठ्ठ्याण्णव नावं लावतं रांगंनं. मधला गेला की मागला पुढं सरकतो. ई व्हता तो डी झाला, आन् सीडी व्हती ती ई झाली. तुमचा प्रोग्राम सीडीत दूध शोधतोय.”

डी उघडला. फायली होत्या, तारखा होत्या, तीन ताळेबंद होते. गेमही होते. प्रोग्राम सुरू करणाऱ्या फायलीत ईच्या जागी डी लिहिले. पडदा बदलला. मी झुंबरबाईंचा क्रमांक टाकला, ११२. वर्षाचे लिटर १,९४६.

“हाये का?” त्यांनी विचारले.

“आहे.”

मी पाणी प्यायला उठलो. संपत पुन्हा बसून वहीत नवा पट्टा आखत होता, या वेळी दोनच डब्यांचा. खाली त्याने लिहिले: ‘अक्षर सरकतं. आधी सांगायचं.’

शनिवारपर्यंत सगळ्या स्लिपा छापल्या. त्याच्या कामाचे अडीचशे रुपये व्हाउचरवर दिले. पुढे संस्थेने नवे मशिन घेतले, त्याची देखभाल दुसऱ्याकडे गेली, आणि संपतने मंचरचा आपला दुरुस्तीचा गाळा बंद करून चाकणला काम धरले. मी येत्या मार्चअखेर निवृत्त होतोय. कपाट आवरताना त्या एकोणीस फ्लॉपी सापडल्या. अठरांवर संस्थेचा शिक्का आहे, चौदावीवर नाही.

ती फ्लॉपी बिलात लागली नव्हती. तिचे अठरा रुपये संपतला देणे बाकी आहेत.