बसप्पाच्या रश्श्यावरचा ठिपका

जिंतूरच्या स्टँडजवळ माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. बसप्पा आचाऱ्याची ती चिठ्ठी मीच छापली, आणि छापताना त्याची यथेच्छ टिंगलही केली. आज त्याची लाज वाटते.

बसप्पा चाळीस वर्षं लग्नांचे स्वयंपाक करतोय. गळ्यात लिंग, खांद्यावर पंचा, आणि बोलणं असं की नवरदेवाच्या बापानेही मुकाट ऐकावं. कुणी पानावरून अर्धपोटी उठलं की याला अपमान वाटायचा. वालूरच्या कस्तुराबाईंची लेक राजेश्री त्याला अशीच खुपली. प्रत्येक लग्नात ही एकोणीस वर्षांची पोर कोपऱ्यात बसून घरून आणलेला डबा खायची. बायका हसायच्या. एकदा बसप्पाने तिला फैलावरच घेतलं.

"माझ्या हातचं खायला काय झालं गं तुला?"

"काका, शेंगदाणा खाल्ला की माझा श्वास कोंडतो. आन् तुमचं कूट तर सगळ्यातच ऱ्हातंय."

दुसऱ्या दिवशी बसप्पा माझ्या दुकानात आला. म्हणाला, "लिही." मी लिहीत गेलो.

'पाहुण्यांना विनंती. प्रत्येक पदार्थापुढे पाटी ठेवली आहे, ती वाचून वाढून घ्यावे. लाल ठिपका म्हणजे शेंगदाणा. पांढरा म्हणजे दूध, दही, तूप. पिवळा म्हणजे गहू. काळा म्हणजे तीळ. निळा म्हणजे काजू-बदाम. हिरवा ठिपका असेल त्यात कांदा-लसूण नाही. साखरेच्या आजारवाल्यांसाठी बिनसाखरेची खीर वेगळी आहे. लाल ठिपका नसलेल्या पदार्थांची भांडी, तेल आणि डाव वेगळे ठेवले आहेत. एका भांड्यातला डाव दुसऱ्यात घालू नये. शंका आल्यास आचाऱ्यास विचारावे.'

"बसप्पा, हे लग्न आहे का दवाखाना?" मी म्हणालो.

"तू छाप रे गुमान. पत्रिकेसंगंच जाऊ दे. लोकाला आधी कळलं पायजे."

पहिल्या चार-पाच लग्नांत लोकांनी त्या चिठ्ठीत अक्षता बांधल्या. ठिपक्यांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग वालूरला कस्तुराबाईंच्या पुतणीचं, प्रियांकाचं लग्न निघालं. पत्रिकेतली चिठ्ठी कस्तुराबाईंनी दोनदा वाचली आणि त्या दिवशी डबा केला नाही.

मी त्या लग्नात होतो. राजेश्रीने ताट घेतलं, एकेक पाटी वाचली आणि बटाट्याच्या रश्श्यापाशी थांबली. तिथे लाल ठिपका नव्हता. बसप्पाने तो खोबरं-खसखशीत केला होता. ती सगळ्यांच्या मध्ये बसून जेवायला लागली, आणि बसप्पा लांबून बघत पंच्याने तोंड पुसत राहिला. खोटं कशाला सांगू, माझेही डोळे भरून आले.

चारशे पानांचा अंदाज होता, पण एकाएकी सहाशे माणूस झालं. रस्सा तळाला गेला. नवरीचा बाप हात जोडून उभा राहिला. बसप्पाने पातेल्यात उकळतं पाणी ओतलं, तिखट-मीठ टाकलं, आणि रस्सा पातळ दिसला म्हणून वांग्याच्या भाजीसाठी ठेवलेल्या परातीतलं कूट मूठमूठ उचलून त्यात सोडलं. चाळीस वर्षं रस्सा असाच वाढवलेला. हाताने आपलं काम केलं, बसप्पाला विचारायला तो हात थांबला नाही. पाटी जागच्या जागी होती.

पहिल्या वाटीने काही झालं नाही म्हणून राजेश्री दुसऱ्यांदा उठली. बसप्पा स्वतः डाव घेऊन पुढे झाला.

"काका, त्योच रस्सा हाय ना?"

"त्योच की पोरी. घे, पोटभर घे."

दोन घासांत तिचे ओठ सुजले. अंगावर गांधी उठल्या आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. बसप्पाची नजर आधी तिच्याकडे गेली, मग परातीकडे. आम्ही पोरीला जीपमध्ये घालून सेलूला नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. दोन दिवस धाकधूक होती, पण पोर वाचली. त्यानंतर मात्र ती कुणाच्याच लग्नाला गेली नाही. घराबाहेर आता पाणीसुद्धा पीत नाही.

चार दिवसांनी बसप्पा मला सोबत घेऊन वालूरला गेला. तो कस्तुराबाईंच्या पायाशी वाकला. त्या चिडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आण्णा, तुमची चिठ्ठी नसती, तर मी डबा दिला असता."

परत आल्यावर उरलेल्या चिठ्ठ्या बसप्पाने माझ्याकडून नेल्या आणि चुलीत घातल्या. मी म्हणालो, चूक सुधार, कूटच बंद कर, पाट्या ठेव. तो म्हणाला, "पाटीला काय व्हतंय? हात तर माझेच हायेत."

परवा एका लग्नात एका बाईने साध्या वरणाच्या पातेल्यापाशी उभं राहून त्याला विचारलं, "यात शेंगदाणा हाय का हो?"

बसप्पाने वर पाहिलंच नाही. "असंल," म्हणाला. "नका खाऊ."