आबांनी लांब ठेवलेले केस

माझे वडील, आबा, सारंगखेड्याच्या आमच्या अंगणात घरातल्या सगळ्या पोरांचे केस स्वतः कापत. माझे कापता कापता मला टक्कल पडलं, हा माझा आरोप त्यांनी कधी मान्य केला नाही. थोरल्या भावाचा आईविना वाढलेला मुलगा हर्षल सोळाचा झाला तरी त्यांच्यासमोर पाटावर बसायचा. त्याचे केस मात्र आबा डाव्या कानामागे झुपकाभर लांब ठेवत. कोणी हसलं की म्हणत, "मांगे कोन देखस रे? मानूसनं तोंड पुढे शे."

माझ्या मुलीचं लग्न ठरलं आणि हर्षल अडून बसला, "काका, ताईना लगीनमा असा झुपका लईसन नाचू का?" मला पुळका आला. केसांतलं सगळं कळतं अशा थाटात मी त्याला शहाद्याच्या सलूनमध्ये नेलं.

कारागिराने मानेभोवती कागदी पट्टी गुंडाळली, कापड बांधलं, पाणी फवारलं. बाजूला दोन नंबरची कंगवी लावून मशीन फिरवलं. मग खाली झिरो, मध्ये एक नंबर, म्हणजे पायरी दिसत नाही. डाव्या कानामागे एका जुन्या वणावर त्याचा हात थांबला.

"आठे टाका पडेल शेत. कशाना रे?"

हर्षलने आरशातून माझ्याकडे पाहिलं. ते टाके कशाचे, ते मला तेव्हा आठवलं. इतकी वर्षं मी त्या झुपक्याला हसत होतो.

"घर जाईसन सांगस," एवढंच मी म्हणालो. कारागिराने वस्तऱ्यात नवं अर्धं पातं घातलं, मानेवरची रेघ सरळ केली. कट झकास झाला होता.

घरी हर्षलने आबांसमोर मान वळवली. "आबा, हाई काय शे?"

आबांनी त्या वणावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "गाडी मी चालाई ऱ्हायंतू. तू दीड वरीसना, तुन्ही मायना मांडीवर. रस्ता वल्ला व्हता, गाडी घसरनी. ती तठेच गई. तिले ताप नव्हता, भाऊ. आम्हीन तुले खोटं सांगं."

हर्षल उठून गच्चीवर गेला. लग्नात तो नाचला, वाढायलाही उभा राहिला. आबा बसले होते त्या पंगतीत तेवढा गेला नाही. पुढच्या महिन्यात आबांनी अंगणात पाट मांडला, कात्री पुसली. हर्षल चप्पल घालून शहाद्याला गेला. आबांनी हाक मारली नाही. मीही मध्ये पडलो नाही. आपोआप होईल म्हटलं.

चौथ्या महिन्यात एका दुपारी आबा खाटेवर बसल्या बसल्या गेले.

दहाव्याला तापीकाठी न्हाव्याने हर्षलचं डोकं भादरलं. कानामागचा बोटभर वण उघडा पडला. तो माझ्याशेजारी येऊन बसला.

"काका, त्या दिनले आबाले मी काहीच का बरं नही बोलनू?"

घरात कोणाचं बोलणं अडलं की मलाच पुढे करतात; या दोघांमध्ये मात्र मी पडलो नव्हतो. मी खांद्यावरचा पंचा त्याच्या भादरलेल्या डोक्यावर टाकला.