सहावं कलम

आमच्या आत्याचा कागदावर भलताच विश्वास. ती मुरुमच्या शाळेत मास्तरीण होती, विधवा होती आणि आमच्याच घरात पुढच्या खोलीत राहायची. शाळेचा कुठलाही पक्का कागद गेला की त्याच्या पाठीमागं कच्चा कागद टाचणीनं लावून ठेवायचा, ही हेडमास्तरांची शिस्त तिच्या हाडीमाशी खिळली होती. मला त्याचं हसू यायचं.

उमरग्याच्या बँकेत तिचं बचत खातं होतं. एकदा पैसे भरून आली, पासबुक उघडलं आणि मटकन खाली बसली. तिच्या खात्यातून दोनशे रुपये काढल्याची नोंद होती. तिनं तर छदामही काढला नव्हता. त्या काळी दोनशे रुपये म्हणजे तिचा कितीतरी महिन्यांचा पगार. आम्ही सगळेच हबकलो. वडील म्हणाले, "उद्याच जाऊ अक्का. मी येतो संगं." वडील तिचे धाकटे भाऊ. तिच्यापुढं ते कधी आवाज चढवायचे नाहीत.

रात्री तिनं मला हाक मारली. "तुझं अक्षर चांगलं हाय. म्या कलमं काढलीत, त्याचा नीट अर्ज कर. म्यानेजरसायबाला शोभंल असा."

मी वाचत गेले. एक, पैसे काढल्याची तारीख. दोन, त्या दिवशी मी शाळेत होते, हजेरीपट बघावा. तीन, पासबुक माझ्याच पेटीत होतं. चार, पैसे काढायच्या कुठल्याही चिठ्ठीवर मी सही केली नाही. पाच, पैसे परत मिळावेत. आणि सहा: पेटीची किल्ली कुठं असते हे फक्त धाकट्याला ठाऊक आहे, त्याच्या दुकानावरच्या छपराच्या पत्र्यांसाठी त्यानं पैसे मागितले होते, मी दिले नाहीत.

धाकटा म्हणजे माझे वडील!

"आत्या, हे काय लिहिलंस?"

"जे हाय ते लिवलं," ती म्हणाली. पण माझ्याकडं बघत नव्हती.

मला तिचा भयंकर संताप आला. म्हणाले, "अर्जात आपल्याला पक्कं ठाऊक आहे तेवढंच लिहितात. हे मी लिहिणार नाही." मग मी अर्ज केला: माननीय शाखा व्यवस्थापक यांस, माझ्या बचत खात्यातून अमुक तारखेस दोनशे रुपये वजा झालेले दिसतात, ही रक्कम मी काढलेली नाही, तरी मूळ चिठ्ठीवरील सही माझ्या नमुना सहीशी ताडून पाहावी व रक्कम खात्यात परत जमा करावी, ही विनंती. सोबत पासबुक. तिनं खाली सही केली. सहावं कलम मिटलं असं समजून मी झोपले.

दुसऱ्या दिवशी बँकेत मॅनेजरसाहेबांनी आम्हा तिघांना समोर बसवलं आणि कारकुनाला त्या दिवसाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणायला पाठवलं. तो येईपर्यंत त्यांनी अर्ज वाचला. मग पान उलटलं. आत्यानं कलमांचा कच्चा कागद पाठीमागं टाचला होता!

"हे बरं केलंत बाई, मुद्दे वेगळे दिलेत," म्हणत ते मोठ्यानं वाचू लागले. मी "साहेब" म्हणेपर्यंत सहावं कलम वाचून झालं होतं.

आत्यानं पदर तोंडाला लावला. वडील काळेठिक्कर पडले.

तेवढ्यात कारकून चिठ्ठी घेऊन आला. तीवर सही नव्हतीच, अंगठा होता. वडिलांनी उजवा हात टेबलावर ठेवला. "सायेब, शाई आना. माजा अंगठा घ्या, अन् ताडून बघा."

मॅनेजर गडबडले. "अहो, तशी गरज नाही." त्यांनी चिठ्ठीवरचा खातेनंबर पाहिला आणि कपाळावर हात मारला. आत्याच्याच नावाची दुसरी बाई होती, नवऱ्याचं नाव तेवढं वेगळं. पैसे तिनंच, तिच्याच खात्यातून काढले होते. कारकुनानं नाव बघून खातेवहीत आत्याच्या पानावर नोंद केली, नंबर पाहिलाच नव्हता. दिवसाची बेरीज जुळली, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. साहेबांनी माफी मागितली, रक्कम आत्याच्या खात्यात परत जमा करवली, त्या दुसऱ्या पानावर वजा करवली आणि पासबुकातल्या नोंदीपुढं स्वतः सही केली.

घरी आल्यावर आत्यानं पेटी उघडली, पासबुक आणि किल्ली दोन्ही वडिलांपुढं धरली. "तुज्यापाशी ठेव रं. माजं चुकलं."

वडिलांनी दोन्ही तिच्या हातात परत दिली आणि पाठ फिरवली.

"तुमच्यापाशीच असू द्या, अक्का. फकस्त किल्लीची जागा बदला, अन् मला सांगू नगा."