कंसातलं नाव

शीला आडेबद्दल आमच्या ऑफिसात एकच तक्रार होती, की बाई लय हळू काम करते. मी म्हणो, हळू करते तं करू द्या ना बापा, चुकत तं नाई! नागोराव साहेबाले काय, त्यायले दिवसाचा आकडा पाह्यजे.

मी प्रभावती. दारव्ह्याले हार्डवेअरच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. सोलरवाली कंपनी गावोगाव जमीन भाड्यानं घेऊन राह्यली, अन् त्यायच्या कागदाचं काम आमच्या एजन्सीकडे. आमची पोरं तांड्या-तांड्यात जाऊन लोकायच्या सातबाऱ्याचे मोबाईलवर फोटो काढतात. फोटो टाकला का ॲप आपोआप वाचते अन् वेगवेगळे रकाने भरते: गाव, गट नंबर, क्षेत्र, खातेदारायची नावं. मंग आम्ही बाया बसून एका बाजूले फोटो अन् दुसऱ्या बाजूले रकाने असं पाहतो, अन् जे चुकलं ते दुरुस्त करतो. माझ्या बाजूच्या टेबलवर शीला.

ॲप म्हणजे हुशार आहे, पण त्याले शेतातलं काही कळत नाई. सत्तेचाळीस बटे दोन असा गट असला, अन् फोटो थोडा हालला, तं मधातल्या तिरप्या रेघेचा एक करून टाकते, अन् चार हजार सातशे बारा नंबरचा गट तयार! अख्ख्या गावात एवढे गट नाई, पण त्याले कोन सांगन? क्षेत्राचंही तसंच. शून्य पूर्णांक एक्क्याऐंशी हेक्टर लिहिलं असलं अन् टिंब फिकट असलं, का सरळ एक्क्याऐंशी हेक्टर. पोटखराब्याची जमीन, म्हणजे नाल्याची-खडकाची, वेगळी लिहिलेली असते. ते कधी ती सोडून देते, कधी दोनदा धरते. सामाईक खात्यात तिघं भाऊ असले तं तिघायलेही पुरं पुरं क्षेत्र वाटून मोकळं. मी हासून हासून थकली होती सुरुवातीले.

पण सगळ्यात वांधा नावाचा. सातबाऱ्यावर ज्याचा हक्क गेला, कोनी मेला, कोनं विकली, कोनं हक्क सोडला, त्याचं नाव पुसत नाईत. त्याले कंसात घालतात अन् वरून आडवी रेघ ओढतात. बाजूले फेरफाराचा नंबर असते, कायच्यानं गेला ते त्याच्यावरून काढता येते. आपल्याकडे म्हणतात ना, "त्याच्या नावाले कंस झाला," ते हेच. आता झेरॉक्सच्या झेरॉक्सचा फोटो, त्याच्यात ते बारीक कंस अन् ती रेघ ॲपले दिसते थोडीच? ते मेलेल्यालेही खातेदार करून टाकते. म्हणून शीला प्रत्येक फोटो मोठा करून करून पाहे. नाव दिसलं का पहिले त्याच्या आजूबाजूले बोट फिरवे. "प्रभाताई, एका माणसाचं चुकून नाव राह्यलं तं त्याच्या पोरायच्या सह्या मांगत फिरतीन हे लोक," असं म्हणे.

ती तांड्यातली, बंजाऱ्याची. दारव्ह्याच्या बाजूच्याच तांड्यात तिचं माहेर, अन् दिलेली इथंच गावात, पूनमसिंगले. तो टेम्पो चालवते. माहेरचा तिले भल्ला पुळका. डबा उघडला का, "माह्या भावानं तूर पाठोली," "माह्या भावानं बोरं आणली." अमरसिंग हा भाऊ. बाप रामलाल गेला तवा वारसात तिघायची नावं लागली: आई मानीबाई, अमरसिंग अन् शीला. ते ती इतक्या वेळा सांगे! "माह्या भावानं स्वतः तलाठ्याकडे जाऊन माहं नाव लावलं, प्रभाताई. दुसऱ्यायचे भाऊ बहिणीचं नाव लागू देत नाईत." मले तोंडपाठ झालं होतं. जमिनीतून तिनं कधी काही मांगतलं नाई. नुसतं नाव आहे म्हणून ती खूश.

त्या दिवशी दुपारी जेवून आलो, अन् तिनं पुढचा फोटो उघडला. मी आपली माह्या कामात. थोड्या वेळानं पाह्यलं तं बाई हालत नाई, डोळे स्क्रीनवर. मले वाटलं लाईन गेली का काय.

"काय झालं वं?"

"आमचाच गट आला," शीला म्हणे.

मी खुर्ची सरकवली. खरंच, तिच्या माहेरचा गट. ॲपनं तिन्ही नावं बरोबर भरली होती: अमरसिंग रामलाल, मानीबाई रामलाल, शीला पूनमसिंग आडे. क्षेत्रही बरोबर. मी म्हणलं, "अवं, मंग चांगलं झालं! भावानं जमीन सोलरले दिली, तुलेही सही कराले बोलावतीन आता. तुले सांगतलं नाई त्यानं?"

तिनं फोटो मोठा केला. कागद घडीचा होता अन् तिचं नाव नेमकं घडीवर होतं. पण नावाच्या अलीकडे एक कंस होता, पलीकडे एक कंस होता. अन् घडी समजून मी जे पाहत होती, ते घडी नोतं, आडवी रेघ होती. बाजूले फेरफाराचा नवा नंबर.

मी म्हणलं, "काही चूक असन."

"चूक नाई, हक्कसोड आहे," ती म्हणे. मंग तिनं मले सांगतलं. गेल्या साली अमरसिंग मोटरसायकल घेऊन आला. म्हणे विहीर मंजूर होऊन राह्यली, सगळ्या वारसायची संमती लागते, चाल. इथंच रजिस्ट्रीच्या ऑफिसात घेऊन गेला. तिचा फोटो काढला, अंगठा घेतला, सह्या घेतल्या. तिथल्या साहेबानं विचारलं, "हे तुम्हीच लिहून दिलं ना?" ती हो म्हणली. मंग भावानं हॉटेलात कचोरी खाऊ घातली अन् घरी आणून सोडलं. तांड्यात नोटीस आली असन तं ती त्याच्याच घरी आली, कागदावर पत्ता माहेरचाच टाकला होता.

माहा जीव असा जळला ना! मी म्हणलं, "हरामखोर! अन् तू त्याच्या बोरायचं कौतुक करत होती!" म्हणलं अन् लगेच मलेच वाईट वाटलं, तिचं तोंड पाहून.

मंग मले युक्ती सुचली. मी म्हणलं, "शीला, आयक. ॲपनं तुहं नाव भरलं आहे. तू हात नको लावू. तपासलं म्हणून पुढे ढकलून दे. त्यायले करार कराचा असन तं तुही सही लागन. येऊ दे त्याले नाक घासत."

"अन् मंग?"

"मंग काय मंग?"

"इथं नाव ठेवून जमीन येते का, प्रभाताई? ती तं फेरफारात गेली. कंपनीचा वकील एकदा मूळ सातबारा काढन अन् म्हणन, तपासणारी कोन होती? स्वतःच!" तिनं नोंद तशीच ठेवली, ना खोडली, ना पाठोली. तपासणी बाकी, म्हणून लाल खूण राह्यली त्याच्यावर. "मले एकदा माह्या भावाच्या तोंडानं आयकू दे," एवढंच म्हणे.

तिले फोन कराचीही गरज पडली नाई. तपासणी बाकी असली तरी आमच्या ॲपमधून कागद देणाऱ्याच्या मोबाईलवर मेसेज जाते, का अमुक अमुक खातेदारायची सहमती लागन. अमरसिंगले मेसेज गेला अन् त्याच्यात शीलाचं नाव. दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडलं तं हा दारात. पांढरा शर्ट, हातात पेढ्याचा डबा. बहिणीले टेबलवर पाहून जरासा दचकला. ती इथं काम करते हे त्याले माहीत होतं, पण त्याले वाटे मोबाईलच सगळं वाचते, माणूस कोनी पाहत नाई.

"बाई, तू बरी भेटली," तो म्हणे. त्यायच्यात बहिणीले बाई म्हणतात. "तुमच्या मशीननं काही गडबड केली. जुनं नाव येऊन राह्यलं. थोडं पाह्यतं का?"

मले वाटलं आता ही रडन, नाईतर डबा फेकून मारन. मी असती तं मारलाच असता. शीलानं स्क्रीन त्याच्याकडे फिरवली.

"कोन्तं जुनं नाव, भिया?"

त्यानं पेढ्याचा डबा या हातातून त्या हातात घेतला.

"विहीर झाली का?" तिनं विचारलं.

"हे पाह्य बाई, याडीच म्हणे का पोरगी सासरी सुखात आहे, मंग उगाच कागदात गुंता कायले..."

याडी म्हणजे त्यायची आई. शीलानं एकदम मान वर केली. भावाचं तिले कालपासून माहीत होतं. आईचं तिले आत्ता कळलं.

"याडीले माहीत होतं?"

"सगळ्यायले माहीत होतं," अमरसिंग म्हणे. तो काही रागानं बोलत नोता, समजावून सांगत होता, लहान लेकरासारखं. "अन् तुलेही माहीतच असन ना. तू तं दिवसभर हेच कागद वाचत असते. कोर्टात जाऊन काय सांगशीन? मले वाचता येत नोतं म्हणून?"

मी उठली. "ओ भाऊ, निघा इथून," म्हणलं. नागोराव साहेब आतून डोकावले अन् परत आत गेले. अमरसिंग काही हालला नाई. त्याची नजर स्क्रीनवर.

शीलानं स्क्रीन परत आपल्याकडे घेतली. खातेदाराच्या रकान्यातलं तिसरं नाव निवडलं अन् काढून टाकलं. ॲप कारण विचारते, त्याच्यात तीन-चार कारणं असतात. तिनं "कंसातील नाव" हे निवडलं, गट नंबर परत एकदा फोटोशी ताडून पाह्यला, क्षेत्र पाह्यलं, अन् नोंद पाठोली. लाल खूण हिरवी झाली.

"आता बरोबर झालं, बाई," अमरसिंग म्हणे, अन् पेढ्याचा डबा टेबलवर ठेवून निघून गेला.

मी डबा उचलला अन् खालच्या हार्डवेअरवाल्याच्या पोरायले देऊन आली. वर आली तरी माहं तोंड बंद होईना. मी तिलेच झापली. म्हणलं, "अवं, परक्याच्या कागदावरचं टिंब तू सोडत नाई! दोन-दोनदा बोट फिरवते! अन् स्वतःची सही करताना एक ओळ वाचू नये? काहून वाचलं नाई?"

तिनं पुढचा फोटो उघडला होता. नजर तिकडेच ठेवून म्हणे, "वाचावं वाटलं होतं, प्रभाताई. कागद हातात घेतला पण होता. पण भिया समोर उभा होता. मी वाचलं असतं तं त्याले वाईट वाटलं असतं."