सर्दी नसलेला आठवडा

माझी थोरली लेक सहा वर्षांची होईपर्यंत तिचं तोंड मिटलेलं मी क्वचितच पाहिलं. एक सर्दी जाते न जाते तोच दुसरी यायची. ओठ सुकलेले, नाकाखाली कायम लाल. दोन-तीनदा हाक मारली तरी ओ नाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "मुलगी मंद आहे." ते ऐकून मी दिवसभर घरात येरझाऱ्या घालत होते.

आमचं घर खालापूरच्या बाजूला, भातशेतीच्या गावात. नवरा खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर. घरात मी, सासूबाई आणि दोन मुली. सासूबाईंचं एकच म्हणणं, "चिंचा बंद कर तिच्या. घोरते तर घोरू दे. हिचा बाप पन असाच घोरायचा."

पण घोरण्यापेक्षा मला घोरणं थांबलं की भीती वाटायची. एका दुपारी ती पडवीत झोपली होती. छाती वरखाली होत होती, पण आवाज नाही, नाकातोंडातून वारा नाही. मग एकदम अंग झटकून तिनं मोठ्यानं श्वास ओढला. मी सासूबाईंना हाक मारली. त्या धान्य पाखडत होत्या, सूप हातात घेऊनच आल्या. पुन्हा तसंच झालं. त्यांच्या हातातलं सूप तिरकं झालं आणि तांदूळ सांडले.

"हे बरं नाय गं," त्या म्हणाल्या. "उद्याच दाखव हिला."

कर्जतच्या डॉक्टरांनी तिच्या नाकाखाली छोटा आरसा धरला. तोंड मिटायला सांगितलं. काचेवर वाफ जवळजवळ धरलीच नाही. मग जीभ दाबून त्यांनी मला तिचा घसा दाखवला. दोन्हीकडचे टॉन्सिल सुपारीएवढे, मध्ये जेमतेम फट.

"नाकाच्या मागंही अशीच गाठ वाढलेली असणार," ते म्हणाले. "त्यामुळं नाकानं श्वास येत नाही. कानाची नळी तिथंच उघडते, म्हणून कानात पाणी साठून कमी ऐकू येतं. मुलगी मंद नाही."

"औषधानं जाईल?"

"बऱ्याच मुलांची ही गाठ वय वाढलं की आपोआप लहान होते. पण हिचा श्वास अडतोय, ऐकू कमी येतंय. वाट पाहू नका. पुण्याला दाखवा."

पुण्याच्या इस्पितळात मानेचा बाजूनं एक्स-रे काढला, टॉन्सिल आणि मागची गाठ काढायचं ऑपरेशन ठरलं. पण आदल्या दिवशी तिला ताप आला. डॉक्टर म्हणाले, सर्दी-तापात भूल देता येत नाही, बरी झाली की आणा. घाट उतरून आम्ही परत आलो. पुढच्या वेळी स्टेशनवर निघायच्या आधीच ती शिंकू लागली. जिची सर्दी जात नाही म्हणून ऑपरेशन करायचं, तिलाच सर्दी नसलेला एक आठवडा हवा होता, आणि तो मिळेना. मी तिला कुणाच्या घरी पाठवेना. धाकटी शिंकली तरी दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवायची. सासूबाई अंगणात बसून आल्या-गेल्याला विचारत, "सर्दी हाय का रं? मग दुरूनच बोल."

उन्हाळ्यात तो आठवडा मिळाला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून तिला पाणीही द्यायचं नव्हतं. ती रडत होती, मी तिच्यासमोर घोटही घेतला नाही. तिला आत नेऊन ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं तेव्हा भुलेच्या औषधाचा गोडसर, उग्र वास बाहेर आला. नवरा जिन्याशी उभा, मी बाकावर बसू शकत नव्हते.

बाहेर आणल्यावर तिला कुशीवर निजवलं. सिस्टर म्हणाल्या, "झोपेत सारखी गिळत राहिली तर लगेच बोलवा. रक्त घशात उतरत असलं तर मूल गिळत राहतं." मग मी तिच्या गळ्यावरून नजर काढली नाही. एकदा तिनं गिळलं आणि मी धावतच सुटले. सिस्टरनी बॅटरीनं पाहिलं. "एकदा गिळलं तर चालतं, बाई. बसा."

घरी आल्यावर चार-पाच दिवस प्यायलेलं पाणी नाकातून यायचं, बोलणं गेंगाणं झालं. सासूबाई हबकल्या. "पोरीचा आवाज घालवलास!" मी चिठ्ठी देऊन नवऱ्याला कर्जतला पिटाळलं. डॉक्टरांनी निरोप दिला की मागची जागा एकदम मोकळी झाली की असं होतं, टाळूच्या मागच्या पडद्याला सवय होईल. तशी ती झाली.

पावसाळ्याच्या तोंडावर ती मला म्हणाली, "आई, तू ओरडतेस का गं?" मी ओरडत नव्हते. रोजच्यासारखीच बोलत होते. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मुद्दाम हळू आवाजात तिला म्हणाल्या, "भाकरी खातेस का?"

"हो," ती म्हणाली.

सर्दी तिला तरीही व्हायचीच, इतर मुलांना होते तशी. वाचताना, चित्र काढताना तोंड अजून उघडं राहायचं. सवय होती ती, जायला वर्ष लागलं. मी दर वेळी तिची हनुवटी बोटानं वर करायची. शेवटी ती वैतागून म्हणाली, "दुखत नाही गं आता. सोड ना." मी सोडली खरी, पण हाताला स्वस्थ राहवेना. धाकटीला जवळ ओढून तिचं नाक पाहिलं.