सोनूबाईंचा चष्मा

जयवंत तावडे घाटकोपरला राहायचा आणि माहितीपट काढणाऱ्या एका संस्थेत कॅमेऱ्याचा मदतनीस होता. नऊ वर्षं पेट्या उचलल्या, भिंगं पुसली, पण साहेबांपुढे कधी तोंड उघडलं नाही. ते उघडलं चौऱ्याहत्तर साली, कांजूरमार्गच्या खाडीवर.

कारखान्याच्या पाण्याने खाडीतली मासळी मरत होती. त्यावर सोनूबाई कोळीण बोलणार होत्या. साठीच्या बाई, जाड भिंगांचा चष्मा. दिग्दर्शकाने त्यांना सूर्याकडे पाठ करून बसवलं आणि तोंडावर उजेड टाकायला चंदेरी पत्रा समोरच धरायला लावला. सूर्य थेट कॅमेऱ्याच्या भिंगात शिरला, चित्रावर पांढुरके गोळे उमटले. चष्म्याच्या जागी तर दोन चकाकत्या टिकल्या; डोळेच दिसेनात.

"बाई, चष्मा काढा," दिग्दर्शक म्हणाला.

सोनूबाई म्हणाल्या, "चष्मा काडला तं तू मना दिसाचा नाय. मंग मी बोलू कोनाशी?"

मग राहू द्या, म्हणाला तो. बाईंचे नुसते हात घेऊ, बोलणं कारखान्याच्या अधिकाऱ्याचं पुरेल.

जयवंतच्या मस्तकात तिडीक गेली. त्या अधिकाऱ्यालाही चष्मा होता. आदल्या दिवशी त्याच्या केबिनमध्ये ह्याच माणसांनी अर्धा तास दिवे हलवले होते. चष्मा काढा म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती.

"काल त्या साहेबाला अर्धा तास दिलात," तो म्हणाला, "आज ह्या बाईंना द्या. जमलं नाही तर उद्यापासून मला बोलावू नका."

दिग्दर्शकाने घड्याळात पाहिलं. "घे अर्धा तास," तो म्हणाला. जयवंतने बाईंना जाळी ठेवायच्या झापाच्या सावलीत, पण कडेला, उजेडाशी बसवलं. कॅमेरा वळवून घेतला आणि वरून येणारं ऊन अडवायला काळा पुठ्ठा असा धरला की कॅमेऱ्याच्या भिंगावर सावली पडावी, पण पुठ्ठा चित्रात येऊ नये. पत्रा समोरून काढून बाजूला, डोक्यापेक्षा उंच नेला, म्हणजे त्याची चकाकी काचांवरून कॅमेऱ्याकडे न येता भलतीकडे जाईल. चष्म्याच्या दांड्या कानांवर जरा उचलल्या. काचा खाली झुकल्या आणि त्यांतलं आभाळ गेलं. आता त्यांत समोरची उजळ वाळू दिसू लागली, तेव्हा सोनूबाईंची सून कमळ हिने आपणहून तिथे काळं जाळं पसरलं. काचांत पांढरा सदरा चमकत होता, म्हणून दिग्दर्शकालाही कॅमेऱ्यामागून हटावं लागलं.

जयवंतने कॅमेऱ्यातून पाहिलं. पाणावलेले, संतापलेले दोन डोळे सरळ त्याच्याकडे बघत होते.

सोनूबाई चार मिनिटं बोलल्या. एकदाही अडखळल्या नाहीत. चित्रपटात ते सगळं राहिलं. मुलुंडला तो दाखवला तेव्हा खाडीकाठची माणसं उठून उभी राहिली. संस्थेने मात्र जयवंतला तीन महिने कामावर बोलावलं नाही. त्याला दुःख झालं नाही, राग आला; आणि तो राग त्याने पुढे प्रत्येक साहेबासमोर उघड बोलून दाखवला.